बऱ्हाणपूरचा ‘ण’

आपल्या गावाचे नाव आपण दिवसातून कितीदा तरी घेतो, परंतु त्यातील एका अक्षराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. फारुकी घराण्यातील नासिरखानाने चौदावे शतक संपता संपता तापीकाठी हे नगर वसविले आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. मूळ अरबी शब्द ‘बुर्हान’. त्याच्या शेवटी साधा दंत्य ‘न’ आहे. हिंदी भाषक आजही ‘बुरहानपुर’ म्हणतो. मराठी माणूस मात्र ‘बऱ्हाणपूर’ म्हणतो. परमुलखातून आलेला तो ‘न’ मराठी जिभेवर येताच मागे वळला आणि ‘ण’ झाला. इराण, खुरासाण, पठाण या शब्दांतही तेच घडले. असे का व्हावे? जिभेच्या या एका वळणाचा माग काढीत गेले, तर आपण केवळ मराठीच्या नव्हे, साऱ्या भारतखंडाच्या भाषिक इतिहासात जाऊन पोहोचतो. आणि त्या इतिहासाचा एक अत्यंत मोलाचा साक्षीदार बऱ्हाणपूरच्या दक्षिणेस, सातपुड्याच्या रांगांत, आपल्या अगदी शेजारी राहत आहे.

मूर्धन्य वर्ण कशाला म्हणतात

‘त’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. ‘ट’ उच्चारताना तेच टोक उलटे वळून टाळूच्या उंच भागाला लागते. त्या भागाला आपल्या प्राचीन वैयाकरणांनी ‘मूर्धा’ म्हटले आणि ट, ठ, ड, ढ, ण यांना मूर्धन्य वर्ण असे नाव दिले. मराठीचा ‘ळ’ही याच कुळातला. आपल्याला हे वर्ण इतके सहज वाटतात की जगातील बहुतेक भाषांत ते नाहीत, हे सांगितल्यावर प्रथम विश्वास बसत नाही. इंग्रजाचा ‘टी’ आणि ‘डी’ हे ना आपल्या ‘त-द’सारखे, ना ‘ट-ड’सारखे, त्यांचे स्थान दातांच्या मुळाशी, दोहोंच्या मध्ये आहे. परंतु आपल्या कानाला दोनच कप्पे ठाऊक. म्हणून आपण ‘डॉक्टर’ आणि ‘टेबल’ हे शब्द मूर्धन्य कप्प्यात टाकले.

आता संस्कृतच्या सख्ख्या बहिणी पाहा. पारशी धर्मग्रंथ अवेस्ता याची भाषा संस्कृतला इतकी जवळची की दोहोंतील कित्येक शब्द शेजारी ठेवले तर नाते डोळ्यांना दिसते. संस्कृत ‘उष्ट्र’ म्हणजे उंट. अवेस्तातील ‘उश्त्र’ म्हणजेही उंट. झरथुश्त्र या प्रेषिताच्या नावात हाच उंट दडलेला आहे. फारशीत त्याचे ‘शुतुर’ झाले आणि शहामृगाला ‘शुतुरमुर्ग’, म्हणजे उंटपक्षी, हे नाव मिळाले. संस्कृतात ‘अष्ट’, मराठीत ‘आठ’; फारशीत ‘हश्त’. इराणकडच्या शाखेत ‘त’ दातांजवळच राहिला, भारताकडच्या शाखेत तो वळून ‘ट’ झाला. घरट्याला संस्कृतात ‘नीड’ म्हणतात. लॅटिनमध्ये तो शब्द ‘नीदुस’, इंग्रजीत ‘नेस्ट’. मुळात ‘नि’ आणि ‘सद्’ म्हणजे खाली बसणे, यांपासून झालेला हा शब्द. मधला सकार भारतीय शाखेत लोपला आणि जाता जाता पुढच्या ‘द’ला ‘ड’ करून गेला.

एवढ्यावरून एक गोष्ट निश्चित होते. आर्य भाषा बोलणारे लोक भारतात येण्यापूर्वी त्यांच्या भाषेत मूर्धन्य वर्ण स्वतंत्रपणे नव्हते. ते येथे रुजले. कोणाच्या सहवासात रुजले, हा पुढचा प्रश्न.

नाते आणि शेजार

दोन भाषांत साम्य दिसले की त्याची दोन कारणे संभवतात. एक म्हणजे रक्ताचे नाते: दोन्ही भाषा एकाच आईच्या लेकी असतात. मराठी, हिंदी, गुजराती या अशा बहिणी. दुसरे कारण शेजार. ज्यांच्यात रक्ताचा संबंध नाही अशा भाषा शेकडो वर्षे एकाच अंगणात नांदल्या, एकाच माणसाच्या तोंडात दोन-दोन, तीन-तीन भाषा वावरू लागल्या, की हळूहळू त्यांचे उच्चार, वाक्याची ठेवण, बोलण्याच्या लकबी सारख्या होत जातात. अशा प्रदेशाला ‘भाषिक क्षेत्र’ म्हणतात. रशियन पंडित त्रुबेत्स्कॉय यांनी ही कल्पना १९२८ मध्ये मांडली. भारतासंबंधी ती व्यवस्थित सिद्ध करण्याचे श्रेय मरे एमेनो यांच्याकडे जाते. त्यांचा ‘भारत : एक भाषिक क्षेत्र’ या अर्थाच्या मथळ्याचा इंग्रजी निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ निघाला होता. कोलामी ही यवतमाळकडील कोलामांची द्राविडी भाषा. म्हणजे मराठी मुलुखाशी या अभ्यासकाचा परिचय जवळचा होता.

भारतात मुख्यतः चार भाषाकुळे आहेत. आर्य, द्राविडी, मुंडा आणि हिमालयाच्या बाजूची तिबेटी-ब्रह्मी. यांपैकी पहिली तीन बऱ्हाणपूरच्या आसपासच्या टापूत एकमेकींना भिडतात. शहरात आणि मैदानात मराठी, खानदेशी, निमाडी, गुजराती, उर्दू आणि हिंदी. या सगळ्या आर्य. सातपुड्याच्या डोंगरात कोरकू; ती मुंडा कुळातली. पूर्वेला बैतूल-छिंदवाड्याकडे गोंडी, ती द्राविडी. शहराच्या जामा मशिदीतील, १५९० च्या सुमाराचा फारुकी राजाचा शिलालेख अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. दगडावर दोन भाषा शेजारी बसल्या. माणसांच्या तोंडात तर याहून अधिक भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसत आल्या आहेत.

पान आणि पाणी, गाल आणि गळा

मराठीत मूर्धन्य वर्ण किती नियमाने वावरतात हे पाहायचे असेल तर दोन जोड्या घ्याव्यात. संस्कृत ‘पर्ण’ याचे प्राकृतात ‘पण्ण’ झाले आणि मराठीत ‘पान’. संस्कृत ‘पानीय’ याचे मराठीत ‘पाणी’ झाले. पहिल्यात दंत्य ‘न’, दुसऱ्यात मूर्धन्य ‘ण’. दुसरी जोडी: प्राकृत ‘गल्ल’ याचा झाला ‘गाल’, आणि संस्कृत ‘गल’ याचा झाला ‘गळा’. तोच प्रकार. तेल शब्दात ‘ळ’ नाही, कारण प्राकृतात ‘तेल्ल’ असे द्वित्त होते. फळ, काळ यांत ‘ळ’ आहे, कारण ‘फल’, ‘काल’ यांत एकेरी लकार होता. ‘कर्ण’चे ‘कण्ण’ होऊन कान झाला. ‘जन’चा जण झाला.

नियम सरळ आहे. प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये एकेरी वर्ण असेल तर मराठीत तो मूर्धन्य होतो. जोडवर्ण असेल तर दंत्य राहतो. जोडवर्णाला जीभ दातांशी घट्ट टेकून थांबावी लागते. एकेरी वर्णात ती ओझरती स्पर्श करते आणि मागे वळते. शब्दाच्या आरंभी मात्र, नाक, नदी, लोक यांप्रमाणे, ‘न’ आणि ‘ल’ दंत्यच असतात.

आता गावाच्या नावाचे कोडे उलगडते. ‘बुर्हान’मधील शेवटचा नकार लांब ‘आ’नंतर एकेरी आला आणि पुढे ‘पूर’ लागले, तरी जुन्या मराठी कानाला तो ‘ठाण’, ‘जण’ यांच्याच घरातला वाटला. तथापि हा नियम परक्या शब्दांना सरसकट लागू पडला नाही. दुकान, मैदान, सुलतान यांत ‘न’ तसाच राहिला. वारंवार फारशी ऐकणाऱ्या लोकांच्या तोंडून जे शब्द आले त्यांनी आपला मूळ उच्चार राखला; जे लोकांच्या तोंडी लवकर रुळले ते मराठी होऊन गेले.

हिंदीत पान आणि पानी, गाल आणि गला, सगळेच दंत्य. गुजराती, मारवाडी, पंजाबी, ओडिया यांनी मराठीप्रमाणे हा भेद राखला. निमाडीतही ‘ळ’ आहे. दक्षिणेस कानडी, तेलुगू, तमिळ यांत ‘ळ’ आहेच. म्हणजे ‘ळ’ची सीमा आर्य आणि द्राविडी यांच्या मधून जात नाही, ती आर्य भाषांच्याच अंगणातून जाते, आणि बऱ्हाणपूर बरोबर त्या सीमेवर वसले आहे. येथील बाजारात याची परीक्षा घेण्याची सोय आहे. हा केळीचा मुलूख. संस्कृत ‘कदली’पासून मराठीत ‘केळी’, हिंदीत ‘केला’, गुजरातीत ‘केळुं’. आणि रावेर-यावलकडचा लेवा शेतकरी ‘केयी’ म्हणतो, कारण त्याच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याला तो ‘डोया’ म्हणतो. एका फळाच्या नावावरून बोलणारा कोणत्या वाटेने आला ते कळते.

काही वाचक म्हणतील, ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ळ’ आहे, मग तो तेथून मराठीत आला असे का म्हणू नये? वैदिक ‘ळ’ हा दोन स्वरांमधील ‘ड’चा बदललेला उच्चार आहे. मराठीतही ‘गुड’चा गूळ, ‘षोडश’चे सोळा, ‘तडाग’चे तळे झाले, ही वाट त्या जुन्या प्रवृत्तीची आठवण करून देते. परंतु ‘फल’चा ‘फळ’ होणे ही दुसरी, नंतरची घडामोड आहे. दोन ओढ्यांचे पाणी एका डोहात मिळावे तसे हे.

तर मग शिकविले कोणी?

द्राविडी भाषांत मूर्धन्य वर्ण मुळापासून आहेत. तमिळमध्ये तर दंत्य, दातांच्या मुळाशी आणि मूर्धन्य अशा तीन स्थानी जीभ टेकविण्याची जुनी पद्धत होती. म्हणून आर्यांनी हे वर्ण द्राविडांकडून घेतले, असे उत्तर सोपे दिसते, आणि त्यात बरेच तथ्य आहे. पण ते पूर्ण नाही. त्याचे दोन अडसर समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला अडसर असा की, वर सांगितलेल्या ‘उष्ट्र’, ‘अष्ट’, ‘नीड’ यांत मूर्धन्य वर्ण संस्कृतच्या स्वतःच्या ध्वनिबदलांतून निर्माण होतो. तेथे कोणताही द्राविडी शब्द उसना घेतलेला नाही. असे बदल इतरत्रही होतात. स्वीडन-नॉर्वेमध्ये ‘र’ आणि ‘त’ एकत्र आले की ‘ट’सारखा उच्चार होतो, आणि तेथे द्राविडांचा संबंध नाही. म्हणून काही विद्वान म्हणतात, आर्य भाषेला हे वळण आपले आपणच लागले. यावर दुसरा पक्ष असे सांगतो की, बीज घरचे असेल, पण ते रुजले आणि फोफावले ते येथल्या मातीत. जे लोक आपली पहिली भाषा सोडून आर्य भाषा बोलू लागले त्यांच्या कानांना ‘त’ आणि ‘ट’ हा भेद जन्मापासून अवगत होता. उच्चारात किंचित मागे सरकलेला ‘त’ त्यांच्या कानाने ‘ट’ म्हणूनच उचलला. इराणात तोच किंचित मागचा ‘त’ पुन्हा दातांकडे आला, कारण तेथे तो भेद ओळखणारे कान नव्हते.

दुसरा अडसर अधिक मनोरंजक आहे. ऋग्वेदात ट, ठ, ड, ढ यांनी आरंभ होणारे शब्द नाहीत. प्राचीन द्राविडी भाषेतही मूर्धन्य वर्ण शब्दाच्या आरंभी येत नसे. तमिळ व्याकरणकारांनी शब्दारंभी येऊ शकणाऱ्या वर्णांची यादी दिली, तीत ‘ट’ नाही. मग मराठीत डोंगर, ढग, टेकडी, डोके, डोळा हे रोजचे, घरगुती शब्द कोठून आले? हेमचंद्राने बाराव्या शतकात ज्यांना ‘देशी’ म्हटले, त्या वर्गात असे अनेक शब्द आहेत. त्यांपैकी बहुतेकांना समाधानकारक संस्कृत मूळ नाही. आरंभीच्या मूर्धन्य वर्णाची ही सवय केवळ आर्य आणि द्राविडी यांच्या हिशेबात बसत नाही. येथे तिसऱ्या शेजाऱ्याकडे वळावे लागते.

कोरकूंचा ‘डा’

कोरकू भाषेत पाण्याला ‘डा’ म्हणतात. हाताला ‘ती’, डोळ्याला ‘मेड’, नाकाला ‘मू’. हे शब्द ऐकून आपल्याला काही ओळखीचे वाटत नाही, परंतु व्हिएतनामी भाषेत हात म्हणजे ‘ताय’, डोळा म्हणजे ‘मात’ आणि नाक म्हणजे ‘मुई’. सातपुड्यातील कोरकू आणि हजारो मैलांवरचे व्हिएतनामी एकाच मोठ्या ऑस्ट्रोआशियाई कुळातले आहेत. हे झाले रक्ताचे नाते. आणि ते कोणत्या शब्दांवरून कळले ते पाहा. हात, डोळा, नाक, पाणी: बाजारात ज्यांची देवघेव सहसा होत नाही असे हे शब्द.

पण याच कुळातील कंबोडियाच्या ख्मेर भाषेत किंवा मेघालयातील खासी भाषेत ‘त-ट’ आणि ‘द-ड’ अशा जोड्या नाहीत. कोरकूत त्या आहेत. ख्मेर आणि खासी वाक्यात क्रियापद मध्ये येते, ‘मी खातो भात’ अशा क्रमाने. कोरकूत ते मराठीप्रमाणे शेवटी येते. नामाला विभक्तीसारखे प्रत्यय मागून लागतात, तेही आपल्यासारखेच. म्हणजे कोरकूचे रक्त पूर्वेकडचे, पण बसणे-उठणे सारे भारतीय. हे तिला शेजाराने दिले.

मात्र कोरकूने केवळ घेतले असे नव्हे. मुंडा भाषांत मुळातच एक विचित्र विषमता होती असे अनेक अभ्यासक मानतात: ‘त’ दातांकडचा, पण त्याच्या जोडीचा ‘ड’ मात्र मागे वळलेला, आणि तो शब्दाच्या आरंभीही येणारा. ‘डा’ हे त्याचेच उदाहरण. मागाहून शेजारच्या भाषांच्या सहवासात ही रचना पुरी झाली आणि ‘ट’, ‘द’ हे उरलेले दोन कोपरे भरले गेले. यावरून डोंगर किंवा डोके हा शब्द कोरकू आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. एवढेच म्हणता येते की, शब्दाच्या तोंडी ‘ड’ उच्चारण्याची सवय असलेले लोक या भूमीवर होते आणि त्यांच्यापैकी अनेकांचे वंशज आज आर्य भाषा बोलतात.

तेव्हा ‘कोणी कोणाला शिकविले’ हा प्रश्नच जरा चुकीचा ठरतो. तिघांनी मिळून एक सवय घडविली. याचा पुरावा या क्षेत्राच्या कडेला मिळतो. पठाणांची पश्तो ही इराणी शाखेची भाषा. तिच्या फारशी बहिणीत मूर्धन्य वर्ण नाहीत, पण पश्तो भारताच्या उंबरठ्यावर राहिली म्हणून तिला ते मिळाले. उलट आसामी ही मराठीची बहीण. पण ती पूर्वेच्या कडेला, ज्यांना हे वर्ण नाहीत अशा तिबेटी-ब्रह्मी भाषांच्या सहवासात राहिली. तेथे लिपीत ‘त’ आणि ‘ट’ ही दोन्ही अक्षरे आजही लिहितात, उच्चार मात्र दोहोंचा एकच करतात. परकीने मिळविले आणि सख्खीने गमावले. ही गोष्ट रक्ताच्या नात्याने समजावून सांगता येत नाही. शेजारानेच सांगता येते.

‘आपण’ आणि ‘आम्ही’

उच्चारांबरोबर विचार मांडण्याचे साचेही शेजारी एकमेकांना देतात. ‘आम्ही बाजारात जातो’ असे म्हटले तर ऐकणारा घरी राहतो; ‘आपण बाजारात जाऊ’ म्हटले की तोही पिशवी उचलतो. संस्कृतात दोहोंसाठी एकच ‘वयम्’ आहे. प्रमाण हिंदीत एकच ‘हम’ आहे. परंतु कोरकूत ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आले’ आणि सामावून घेणारे ‘आबुङ’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. मराठीने ‘आपण’ हा शब्द कोणाकडूनही उसना घेतला नाही. तो ‘आत्मन्’पासून आलेला घरचाच शब्द. उसना घेतला तो भेद. माल घरचा, साचा शेजारचा. शब्दांची उसनवार लगेच ओळखू येते. साच्याची येत नाही, कारण त्याच्यावर परक्या मालाची खूण नसते. आणि साचा किती जिवंत असतो ते पाहायचे तर आपल्याच गल्लीत कान द्यावा. माळव्या-निमाडात हिंदी बोलणारा माणूस ‘हम चलते हैं’ आणि ‘अपन चलते हैं’ यांत फरक करतो. दिल्लीच्या व्याकरणाने त्याला तो शिकविलेला नाही.

हा साचा एका पिढीच्या तोंडात कसा उतरतो, ते सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तपासले. त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे जैन शेतकरी घरात कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत, आणि परस्परांशी व्यवहार मराठीत चाले. कोणीही आपली घरची भाषा टाकली नाही, कारण ती त्यांच्या समाजाची ओळख होती. पण रोज तिन्ही भाषांतून ये-जा करता करता तिन्हींचे व्याकरण इतके जुळले की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत सांगता येऊ लागले. एरवीच्या मराठीत नदी स्त्रीलिंगी आणि डोंगर पुल्लिंगी; कुपवाडच्या मराठीत कानडीच्या धर्तीवर मनुष्येतर नामांचा सगळा एकच गट झाला. शब्द वेगळे राहिले, वाक्याचा सांगाडा एक झाला. जे भारतखंडात हजारो वर्षांत घडले त्याचा लहान नमुना एका गावात दिसला.

निहालींची साक्ष

आता त्या साक्षीदाराकडे येऊ. बऱ्हाणपूरच्या दक्षिणेला, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, चालठाणा या गावांतून निहाल किंवा नहाल लोक राहतात. त्यांची निहाली भाषा बोलणारे आज अदमासे दोन ते अडीच हजार आहेत. निमाडातील टेंभी या गावी सुधीभूषण भट्टाचार्य यांनी या भाषेची टिपणे घेतली. ती १९५७ मध्ये छापली गेली. त्याआधी ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या, १९०६ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात तिची गणना कोरकूबरोबर मुंडा भाषांत केली होती. वरवर पाहता ते स्वाभाविक होते, कारण निहालीत कोरकू शब्द भरपूर आहेत आणि प्रत्ययांतही कोरकूची छाप आहे. निहाल लोक कोरकूंच्या गावांत मोलमजुरी करून राहत आले, त्यांना कोरकू यावीच लागे.

निहालीतील अंक मोजून पाहा. एकाला ‘बिडी’, याला आसपासच्या कोणत्याही भाषेत जोड सापडत नाही. दोनाला ‘इरार’, तिनाला ‘मोठो’, चाराला ‘नालो’, हे द्राविडी. तेलुगूतील ‘नालुगु’ आणि कानडीतील ‘नाल्कु’ म्हणजे चार, हे शेजारी ठेवले की खात्री पटते. पाचापासून पुढे ‘पाचो’ वगैरे आर्य अंक. पाच बोटे मोजता मोजता तीन थर उघडे पडतात. सर्वांत वरचा थर बाजारातला. मोठ्या संख्या बाजारात लागतात, म्हणून त्या आधी बदलल्या. त्याखाली एका जुन्या द्राविडी शेजाराचा थर; आज या गावांच्या लगत तो शेजार उरलेला नाही, पण अंकांनी त्याची नोंद ठेवली आहे. आणि तळाशी, निहालीचा स्वतःचा थर.

तो स्वतःचा थर किती? डच पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये या भाषेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखविले की कोरकू, द्राविडी, मराठी-हिंदी असे सारे शब्द बाजूला काढल्यावरही सुमारे चतुर्थांश शब्द असे उरतात की ज्यांना कोठेच नाते नाही. आणि हे उरलेले शब्द कोणते? ‘मी’ यासाठी ‘जो’, डोळ्यासाठी ‘जिकी’, पाण्यासाठी ‘जोप्पो’. कोरकूचे नाते आपण ज्या प्रकारच्या शब्दांवरून ओळखले, नेमक्या त्याच जागी निहाली एकटी उभी आहे. म्हणून बहुतेक अभ्यासक आज तिला कोणत्याच कुळात न बसणारी स्वतंत्र भाषा मानतात. आर्य, द्राविडी, कदाचित मुंडा भाषाही येथे पसरण्यापूर्वी मध्य भारतात जे बोलले जाई त्याचा एखादा तुकडा तिच्यात शिल्लक असावा, असा तर्क आहे. तो तर्कच आहे. तिला भावंड नाही, त्यामुळे तुलनेने तो सिद्ध करण्याचे साधनही नाही. काहींना तर ती निहालांनी परक्यांना कळू नये म्हणून मुद्दाम घडविलेली गुप्त बोली वाटली. पण गुप्त बोली सहसा नामे आणि क्रियापदे बदलते. ‘मी’ आणि ‘तू’ बदलण्यापर्यंत तिची मजल क्वचितच जाते.

उच्चारांत मात्र निहाली आपल्यासारखीच आहे. तिच्यात ‘त’ आहे आणि ‘ट’ही आहे, ‘द’ आहे आणि ‘ड’ही आहे, तिचे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. जिचे शब्द कोणाशीच जुळत नाहीत तिची जीभ सर्वांशी जुळते. भाषिक क्षेत्र म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

निहालांची मुले आज मराठी किंवा हिंदी शाळेत शिकतात, बाजारात मराठी-हिंदी बोलतात, शेजाऱ्यांशी कोरकू बोलतात. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने के. एस. नागराज यांचा निहालीवरील ग्रंथ २०१४ मध्ये काढला, हे चांगले झाले. परंतु निहालीची गोष्ट कोरकूहून वेगळी आहे. कोरकू बोलणारे २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर होते, आणि तिच्या बहिणी संथाली, मुंडारी पूर्वेला सुखाने नांदत आहेत; कोरकूचा एखादा शब्द हरवला तर त्याचा माग बहिणींकडे काढता येतो. निहालीचा हरवलेला शब्द कोणाकडे विचारणार? एखाद्या निहाल घरात आजी ‘जोप्पो’ म्हणते आणि नातू ‘पाणी’ म्हणतो. नातवाचा ‘ण’ अगदी शुद्ध मराठी असतो. तो ‘ण’ घडविण्यात आजीच्या पूर्वजांसारख्या अनामिक लोकांचाही हात असेल. परंतु ‘जोप्पो’ हा शब्द त्या दोघांमध्ये तुटला, तर तो पुन्हा जोडता येईल अशी दुसरी भाषा पृथ्वीच्या पाठीवर नाही.